घरपोच एकूण किती?

सांगलीत आमच्या शेजारी राहणाऱ्या वहिनी इन्स्टाग्रामवर सुती साड्या विकतात. मागच्या वर्षी त्यांनी एका साडीचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'फक्त १,४५०.' बेळगावच्या एका बाईंनी लगेच 'मला हवी' म्हणून कळवलं. मग संदेश जाऊ-येऊ लागले. साडी १,४५०, त्यावर जीएसटी ७२ रुपये ५० पैसे, कुरिअर ८० आणि पार्सल हातात आल्यावर पैसे द्यायचे म्हणून आणखी ५०. बेरीज १,६५२ रुपये ५० पैसे. बेळगावच्या बाई गप्प झाल्या आणि दोन दिवसांनी उत्तर आलं, 'ताई, राहू द्या.'

वहिनींना वाटलं, गिऱ्हाईकच चिकट आहे. माझं मत वेगळं होतं. चौदाशे पन्नासला मनाने घेतलेली साडी दोनशे रुपयांनी महागली होती, आणि ते दोनशे रुपये एकदम नव्हे, तीन हप्त्यांत कळले होते. या पद्धतीला इंग्रजीत 'ड्रिप प्रायसिंग' म्हणतात, म्हणजे किंमत नळासारखी थेंबाथेंबाने सोडायची. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन व्यवहारांतल्या तेरा फसव्या क्लृप्त्यांची यादी काढली, तिच्यात हीसुद्धा आहे. त्याआधी २०२० च्या ई-कॉमर्स नियमांतच लिहून ठेवलं होतं की विक्रेत्याने एकूण किंमत एका आकड्यात सांगावी आणि त्या आकड्यात पोचवण्याचा खर्च, हाताळणी, कर असं काय काय आहे त्याची फोडही द्यावी. कपाटातली एखादी जुनी वस्तू हौसेने विकणाऱ्याला हे नियम लागत नाहीत. रोजचा धंदा म्हणून विकणाऱ्याला मात्र ती सूट नाही.

वहिनींनी फसवायचं म्हणून असं केलं नव्हतं. पोस्ट टाकताना एकूण आकडा त्यांनाच माहीत नव्हता, हे खरं कारण. पार्सल कुठे जाणार, पिनकोड काय, वजन किती भरणार, हे ऑर्डर आल्यावरच कळतं, मग आधी लिहायचं काय? बहुतेक छोटे विक्रेते इथेच अडतात आणि 'शिपिंग एक्स्ट्रा' किंवा 'प्राइस डीएम' लिहून मोकळे होतात.

यातला कराचा भाग सगळ्यात सोपा आहे. साडीवर ५ टक्के जीएसटी आहे. सांगलीहून पुण्याला पाठवली तर तो केंद्र आणि राज्य यांच्यात अर्धा-अर्धा वाटला जातो आणि बेळगावला पाठवली तर आंतरराज्य कर म्हणून एकत्र लागतो, पण गिऱ्हाइकाच्या खिशातून जाणारी रक्कम तीच राहते. त्यामुळे 'जीएसटी वेगळा' लिहिण्याला काही कारणच उरत नाही. बेळगाव सांगलीला मुंबईपेक्षा कितीतरी जवळ असलं तरी राज्य वेगळं आहे, आणि परराज्यात माल विकायचा तर साधारणपणे उलाढाल कितीही लहान असो, जीएसटी नोंदणी करावी लागते. हस्तकलेच्या काही वस्तूंना यात सवलत आहे. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात ४० लाखांपर्यंत नोंदणीची गरज पडत नाही. वहिनींची नोंदणी आहे. ज्यांची नाही, त्यांना गिऱ्हाइकाकडून जीएसटी म्हणून एक रुपयाही घेता येत नाही, आणि कंपोझिशन योजनेतल्या दुकानदारालाही तो वेगळा लावता येत नाही. म्हणून कुणी 'प्लस जीएसटी' म्हटलं की पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक मागावा. महाराष्ट्रातला क्रमांक २७ ने सुरू होतो, गोव्यातला ३० ने, आणि तो खरा आहे का हे जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतं.

राहिलं कुरिअर. तिथे मात्र बसून हिशेब करावा लागतो. एका रविवारी मी वहिनींच्या ओट्यावर त्यांची पावत्यांची पिशवी उलटी केली. शेवटची वीस पार्सलं काढली. बारा महाराष्ट्रातली, प्रत्येकी ७० रुपये. सहा शेजारच्या राज्यांतली, प्रत्येकी ११०. दोन फार लांबची, दीडशेची. सगळे मिळून १,८०० रुपये, म्हणजे पार्सलमागे सरासरी ९०. कुरिअरवाला आपल्या बिलावर १८ टक्के जीएसटी लावतो, पण नोंदणी असल्यामुळे तो वहिनींना पुढच्या भरण्यात वळता करून घेता येतो. म्हणून तो या हिशेबात धरला नाही.

पावत्या चाळताना आणखी एक गोष्ट हाती लागली. काही पार्सलं अर्धा किलोच्या दराने गेली होती, तर तशाच साड्यांची काही एक किलोच्या दराने. साडी ४३० ग्रॅमची, पण पुठ्ठ्याच्या खोक्यात घातली की काटा पाचशेच्या पलीकडे जायचा. शिवाय कुरिअर कंपन्या नुसतं वजन बघत नाहीत, खोक्याने अडवलेली जागाही मोजतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणायची आणि साधारणपणे ५,००० ने भागायचं. येणारा आकडा आणि खरं वजन यांतला जो मोठा, त्याचे पैसे. वहिनींचं खोकं ३० बाय २५ बाय ८ चं होतं. गुणाकार ६,०००, भागाकार सव्वा किलोच्या आसपास. अर्ध्या किलोपेक्षा कमी वजनाच्या साडीसाठी त्या सव्वा किलोचं भाडं भरत होत्या! तीच साडी घट्ट घडी करून प्लॅस्टिकच्या कुरिअर पिशवीत २८ बाय २२ बाय ४ मध्ये बसली. हा हिशेब अर्ध्या किलोच्या किंचित आत येतो. किंमत एका आकड्यात सांगायला बसलो म्हणून हे सापडलं. नाहीतर 'शिपिंग एक्स्ट्रा' या दोन शब्दांखाली ते कायमचं झाकलेलं राहिलं असतं.

मग किंमत मांडली. साडी १,४५०, सरासरी कुरिअर ९०, पिशवी-टेप-लेबल १५, मिळून १,५५५. त्यावर ५ टक्के कर. इथे एक बारकावा आहे. गिऱ्हाइकाकडून घेतलेला पोचवण्याचा खर्च मालाच्या किमतीतच धरला जातो आणि त्यावर मालाचाच दर लागतो, म्हणून कर एकट्या साडीवर नाही, संपूर्ण १,५५५ वर. एकूण १,६३२ रुपये ७५ पैसे झाले. वहिनींनी १,६३५ केले.

बिल करताना उलटा हिशेब लागतो आणि तिथे पुष्कळ जण चुकतात. १,६३५ चे पाच टक्के काढले तर ८१ रुपये ७५ पैसे येतात, पण ते चूक. १,६३५ मध्ये कर आधीच मिसळलेला आहे, म्हणून १०५ ने भागून १०० ने गुणायचं. मूळ किंमत १,५५७ रुपये १४ पैसे आणि कर ७७ रुपये ८६ पैसे. चुकीच्या पद्धतीने गेलं तर दर साडीमागे जवळजवळ चार रुपये स्वतःच्या खिशातून सरकारला जास्त जातात.

सरासरीत एक अन्याय आहे, तो मान्य करायला हवा. मिरजेची बाई आणि गुवाहाटीची बाई सारखेच पैसे भरतात, म्हणजे लांबच्या पार्सलाचं भाडं जवळचं गिऱ्हाईक थोडं उचलतं. वहिनींनी त्यावर दोन वाटा ठेवल्या. घरी येऊन साडी नेली तर १,५२५, कारण कुरिअरही नाही आणि पिशवीही नाही. दोन साड्या एकत्र घेतल्या तर ३,२००. दोन साड्यांचं एक पार्सल म्हणजे काही दोन पार्सलांचं भाडं नव्हे, त्यामुळे १,६३५ ची दुप्पट घेणं ही उलट दिशेची लबाडी झाली असती. दूरच्या पार्सलांचं प्रमाण वाढलं तर सरासरी मोडते, म्हणून दर तिमाहीला पावत्यांची पिशवी पुन्हा उलटी करायची असं ठरलं.

आकडा ठरला तरी तो लिहायचा कुठे, हा प्रश्न राहतोच. वहिनी आधी मजकुराच्या तळाशी, दहा हॅशटॅगच्या वर लिहायच्या. इन्स्टाग्राम सुरुवातीच्या ओळी दाखवून बाकीचा मजकूर घडी घालून ठेवतं, त्यामुळे किंमत घडीत जायची. तोच फोटो कुणी स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सॲपच्या भिशी ग्रुपवर टाकला की मजकूर सुटून जायचा आणि खाली पुन्हा 'किती गं?' सुरू. आता किंमत फोटोवरच असते:

'₹१,६३५. सर्व करांसह, भारतात कुठेही घरपोच. पार्सल आल्यावर पैसे द्यायचे असल्यास ₹५० जास्त. दर १५ तारखेपर्यंत.'

ते पन्नास रुपये वहिनींनी किमतीत मिसळले नाहीत, आणि मला ते बरोबर वाटतं. आधीच यूपीआयने पैसे भरणाऱ्याने दुसऱ्याच्या सोयीचा भार का उचलावा? फक्त तो आकडा पहिल्यापासून डोळ्यांसमोर हवा. तारीखही उगाच नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. अठराशे रुपयांच्या शिवलेल्या कुर्त्यावर आधी १२ टक्के होते, ते ५ झाले. साडीचा दर तोच राहिला, पण कुर्ते विकणाऱ्यांच्या जुन्या पोस्ट जुन्याच किमती सांगत पडून राहिल्या.

आता कटू भाग. पूर्ण किंमत आधी सांगितली की विक्री वाढेलच असं नाही, बहुधा आधी घटते. अमेरिकेत तिकिटांची फेरविक्री करणाऱ्या स्टबहब कंपनीने २०१५ मध्ये हे मोठ्या प्रमाणावर करून पाहिलं. काही ग्राहकांना शुल्कासह किंमत सुरुवातीलाच दाखवली, काहींना अगदी शेवटच्या पानावर. ज्यांना शेवटी कळलं त्यांनी सुमारे एकवीस टक्के जास्त पैसे खर्च केले. म्हणजे लपवण्यात फायदा होता आणि कंपनीने तीच वाट धरली. अखेर तिथल्या सरकारला नियम करावा लागला. १२ मे २०२५ पासून अमेरिकेत कार्यक्रमांची तिकिटं आणि हॉटेलच्या खोल्या यांची एकूण किंमत आधीच दाखवणं बंधनकारक आहे.

पण तिकीट काढणारा त्या कंपनीला कधी भेटत नाही. वहिनींचं गिऱ्हाईक हळदीकुंकवाला भेटतं, मैत्रिणीला नंबर देतं, नणंदेला घेऊन येतं. पहिल्या आठवड्यात त्यांच्या पोस्टवर 'शेजारची १,४५० ला देते' अशी कमेंट आलीच. वहिनींनी वाद घातला नाही. खाली एवढंच लिहिलं, 'ताई, त्यांना घरपोच एकूण किती ते विचारा आणि मग सांगा.'

विकत घेणाऱ्यांनीही क्यूआर कोड स्कॅन करण्याआधी हाच प्रश्न विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावं. नंतर जास्त पैसे मागितले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, आणि तक्रारीला त्या उत्तराचा स्क्रीनशॉट जोडता येतो.