स्तनाच्या कॅन्सरची दोन पोस्टर्स : ‘३० टक्के’ म्हणजे नेमके किती?

कोरेगावातल्या एखाद्या दवाखान्यात, बाकड्यासमोरच्या भिंतीवर दोन पोस्टर्स शेजारी शेजारी लावली आहेत असे समजा. दोन्ही स्तनाच्या कॅन्सरच्या तपासणीबद्दल आहेत. पहिल्यावर मोठ्या गुलाबी अक्षरांत लिहिले आहे, ‘तपासणी करा, मृत्यू ३० टक्क्यांनी कमी!’ दुसऱ्यावर दोन चौकटी आहेत आणि प्रत्येक चौकटीत २००० ठिपके. डावीकडच्या चौकटीत ७ ठिपके काळे आहेत, उजवीकडे ५. पाहताक्षणी पहिले पोस्टर जास्त भावते, पण दोन्हींतले आकडे एकाच अभ्यासातून आलेले आहेत.

हा अभ्यास मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने केला. १९९८ मध्ये सुरुवात झाली, ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख महिला त्यात होत्या आणि २० वर्षांचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षित आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासले, असे चार वेळा. इथे मॅमोग्राफी नव्हती, म्हणूनच आपल्याकडच्या गावांसाठी हा अभ्यास महत्त्वाचा आहे.

आता ३० टक्क्यांकडे वळू. पन्नाशी ओलांडलेल्या एक लाख महिलांमागे वर्षाला स्तनाच्या कॅन्सरने तपासणीविना सुमारे ३५ मृत्यू झाले, तपासणी झालेल्या गटात सुमारे २५. पस्तिसाचे पंचवीस झाले, म्हणजे जवळपास ३० टक्के घट, आणि हे गणित बरोबर आहे. पण वाचणारी बाई ‘शंभरातल्या तीस जणी वाचतात’ असे समजते, तसे नाही. हाच हिशोब २००० महिलांसाठी दहा वर्षांचा मांडला, तर ढोबळमानाने ७ मृत्यूंच्या जागी ५ होतात. दोन घरांतल्या दोन बाया वाचल्या, हे काही थोडे नाही. फक्त ते दोन आहेत, सहाशे नाहीत.

म्हणून टक्केवारी दिसली की पहिला प्रश्न विचारा : कशाच्या तीस टक्के? ‘किती जणींपैकी आणि किती वर्षांत’ हे पोस्टरवर लिहिलेले नसेल तर आकडा अर्धवट आहे.

पहिल्या पोस्टरवर खाली दोन खांब काढले आहेत. त्यांची पट्टी शून्यापासून नव्हे, २० पासून सुरू होते. त्यामुळे ३५ चा खांब १५ घरे उंच दिसतो आणि २५ चा फक्त ५ घरे. तिप्पट फरक! पट्टी कुठून सुरू होते ते खांबाच्या बुडाशी बारीक अक्षरात असते, तिथे एकदा बोट ठेवून बघा.

दुसरी अडचण वयाची आहे. ३० टक्के हा आकडा फक्त पन्नास वर्षे व त्यापुढच्या महिलांचा आहे, आणि हे विश्लेषण अभ्यास झाल्यानंतर वेगळे करून पाहिलेले आहे. सगळ्या वयोगटांना एकत्र धरले तर लाखामागे २५ च्या जागी २१ मृत्यू, म्हणजे १५ टक्के घट दिसली. हा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो, असे संख्याशास्त्र सांगते. पन्नाशीच्या आतल्या महिलांत ठळक फायदा दिसला नाही. पहिल्या पोस्टरवर मात्र चित्र आहे तिशीतल्या आईचे, कडेवर बाळ घेतलेल्या. एकही खोटा शब्द न लिहिता दिशाभूल होते ती अशी.

तुमच्या उपकेंद्रातली गोष्टही थोडी वेगळी आहे. सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या महिलांची अशी तपासणी दर पाच वर्षांनी करायची आहे, तर मुंबईत ती दर दोन वर्षांनी झाली होती. तिथला आकडा इथल्या कार्यक्रमाला जसाच्या तसा चिकटवता येत नाही.

तरी दुसऱ्या पोस्टरलाही मी पूर्ण गुण देणार नाही. त्याचे आकडे चोख आहेत, पण मधोमध सगळी जागा ठिपक्यांनी व्यापली आहे, आणि ‘कोणती लक्षणे दिसली तर यायचे’ ही ओळ तळाशी, सर्वांत लहान अक्षरात आहे. नंबर लागेपर्यंत पाच मिनिटे बसलेल्या बाईची नजर वरून खाली जाते आणि मध्येच तिचे नाव पुकारले जाते. माझ्या मते सर्वांत वर, सर्वांत मोठी ओळ असायला हवी ती लक्षणांची : स्तनात किंवा काखेत गाठ, त्वचेला खळगा, बोंड आत ओढले जाणे, बोंडातून रक्तासारखा स्राव. त्याखाली तपासणी कुठे व कोणत्या दिवशी होते ते, आणि मग ठिपके.

या दोन प्रकारच्या बायकांना एकाच पोस्टरने एकच गोष्ट सांगू नये. वरचा सगळा हिशोब ज्यांना काहीच त्रास नाही त्यांच्यासाठी आहे. हाताला गाठ लागली असेल तर तो हिशोब तुम्हाला लागू नाही आणि शिबिराची वाटही पाहायची नाही. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, पण ते डॉक्टरांनी तपासून, गरज असल्यास सोनोग्राफी किंवा सुईने तपासणी करूनच ठरते. वय कोणतेही असो, त्याच आठवड्यात दाखवा.