पाणी वाहू नका, कुंडी उंच करा

साठी-सत्तरीनंतर बाग बंद पडते ती बहुतेक घरी पाण्याच्या वजनामुळे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दहा लिटरची भरलेली बादली बाथरूममधून गॅलरीत न्यायची, वाकून खाली ठेवायची आणि तांब्याने एकेका कुंडीला घालायची. यात पाठीला सर्वांत घातक क्षण असतो तो वाकलेल्या अवस्थेत बादली हातात धरून बाजूला वळण्याचा.

बडोद्यात गोत्रीला राहणाऱ्या माझ्या आत्याचे गुडघे झिजलेले आहेत आणि तिची गॅलरी पश्चिमेची. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा दुपारनंतरचं ऊन थेट कुंड्यांवर येतं. तिच्याकडे बारा कुंड्या होत्या, मोगरा, गुलाब, फर्न अशा रोज पाणी मागणाऱ्या. कुंडीला एक लिटर धरलं तरी रोज बारा किलो वजन हलवायचं. झाडं कमी न करता आम्ही आधी ती बदलली.

उन्हाच्या कठड्याशी अडेनियम आणि कोरफड ठेवली. अडेनियम आपल्या जाड बुंध्यात पाणी साठवतं. उन्हाळ्यात माती पूर्ण सुकल्यावरच त्याला पाणी द्यायचं आणि हिवाळ्यात पानं गळली की जवळजवळ बंद करायचं. त्याचा चीक विषारी असतो, म्हणून छाटल्यावर हात धुवायचे. आतल्या सावलीत स्नेक प्लांट आणि झीझी ठेवले. त्यांना दोन-तीन आठवड्यांनी पाणी पुरतं. पानओवा आणि सदाफुली मधल्या जागेत. सुंदर असूनही बोगनवेल मी मुद्दाम टाळली. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्या माणसाला तिच्या काट्याचा साधा ओरखडाही त्रासदायक होतो.

तुळस मात्र राहिलीच पाहिजे, आणि उन्हाळ्यात तिला रोज पाणी लागतं. ती नळाजवळ आणली. आपल्या जुन्या वृंदावनांची उंची पाहा, साधारण कमरेइतकी. पूजा करणारी बाई न वाकता पाणी घालू शकते. तोच हिशोब सगळ्या कुंड्यांना लावावा. लोखंडी स्टँडवर कुंडीची कड जमिनीपासून दोन ते अडीच फुटांवर आली की वाकणं संपतं. स्टँड रुंद पायांचा हवा आणि कुंडी प्लास्टिकची. मातीची कुंडी जड असतेच, शिवाय तिच्या भिंतीतून ओल उडून जाते, म्हणून पाणी जास्त वेळा द्यावं लागतं. मातीत निम्मा कोकोपीट मिसळला की वजन आणखी घटतं. मात्र अडेनियम आणि कोरफडीला कोकोपीट नको, त्यांना वाळू जास्त घालावी.

आता पाण्याचं साधन. दहा मीटर लांबीच्या अर्ध्या इंची नळीत सव्वा लिटरच्या आसपास पाणी मावतं, म्हणजे भरलेली नळीसुद्धा रबरासकट चांगलीच जड होते. गॅलरीला पाच मीटरची, पातळ, गुंडाळी घेणारी नळी पुरते. तिला हातभर लांब दांड्याचा फवारा जोडावा. बंदुकीसारखा चाप असलेला फवारा घेऊ नये, तो सतत दाबून धरावा लागतो आणि सांधे दुखणारी बोटं थकतात. अंगठ्याने एकदा सरकवला की चालूच राहतो, असा फवारा मिळतो. नळ नसेल तर दीड लिटरची लांब चोचीची झारी घ्या आणि ती पूर्ण भरू नका. दोन खेपा जास्त होतील, पण पाठ वाचेल.

दोन गोष्टींची काळजी घ्यावी. उन्हात पडलेल्या नळीतलं पहिलं पाणी हाताला चटका देण्याइतकं तापतं, ते आधी सोडून द्या. आणि नळी फरशीवर पसरलेली ठेवू नका. ओल्या टाइल्सवर तिच्यात पाय अडकून पडणं हे पाठदुखीपेक्षा फार वाईट.

पाणी द्यायचं की नाही हे वाकून बोटाने तपासायचीही गरज नाही. फूटभर लांब लाकडी काडी मातीत खुपसून दहा मिनिटांनी काढा. काडीला ओली माती चिकटून आली तर त्या दिवशी पाणी नको. ही कमी पाण्याची झाडं तहानेने क्वचित मरतात, जास्त पाण्याने मरतात. स्नेक प्लांटचं पान मुळाशी मऊ पडून लवंडलं किंवा अडेनियमचा बुंधा दाबल्यावर पिचपिचीत लागला तर मूळ कुजलंय असं समजा. जून ते सप्टेंबर उघड्या गॅलरीत पावसाचं पाणी आपोआप मिळतं. तेव्हा झारी ठेवून द्या आणि अडेनियमची कुंडी आत, आडोशाला सरकवा. जड वाटली तर स्वतः उचलू नका, घरातल्या तरुण माणसाला हाक मारा.