दोन इस्पिकांची दुबळी बोली

गोंदियास चार मंडळी ब्रिज खेळावयास बसलीं कीं नवशिक्यास वाटतें, ज्याच्या हातीं बळ असेल त्यानेंच प्रथम बोलावें. परंतु दुबळ्या हातानेंही मुद्दाम उंच बोलण्याची एक रीत आहे. पूर्वी दोनाची बोली फार बलवान हाताची समजत. हॉवर्ड शेंकन या अमेरिकन खेळाडूनें ती दुबळ्या हातासाठीं योजिली. एक्क्यास ४, राजास ३, राणीस २ व गुलामास १ गुण धरून सुमारें ६ ते १० गुण, आणि एका रंगाचीं चांगलीं सहा पानें, असा तो हात असतो.

तिचें मर्म जागेंत आहे. एक किलवरपासून सात बिनहुकुमीपर्यंत बोल्या एकंदर ३५. पहिल्यानेंच ‘दोन इस्पिक’ म्हटलें कीं पहिल्या ९ गेल्या; आणि भिडू परस्परांस आपले रंग स्वस्तांत सांगतात ते याच बोल्यांनीं.

एक डाव पाहूं. कोणीही व्हल्नरेबल नाहीं. उत्तरेस इस्पिकचे राजा, राणी, दश्शी, नव्वी, सत्ती, तिर्री आणि एकटा चौकट गुलाम, म्हणजे ६ गुण. पूर्वेस १३ गुण, चौकटचीं पांच व बदामाचीं चार पानें. पश्चिमेस ११ गुण व बदामाचीं चार. उत्तर गप्प राहिली तर पूर्व-पश्चिम एक चौकट, एक बदाम, दोन, तीन, चार बदाम असे सावकाश चढून ४२० गुणांचा गेम घेतील.

आतां उत्तर ‘दोन इस्पिक’ म्हणते. पूर्वेनें ‘तीन चौकट’ म्हणावें तर बदाम लपतात. ‘डबल’ म्हणावें तर भिडू किलवर सांगेल, आणि हातीं किलवर दोनच. ती ‘पास’ म्हणते. दक्षिणेकडे इस्पिकचीं तीन पानें आहेत. सहा आणि तीन मिळून नऊ, म्हणून ती नऊ हातांची ‘तीन इस्पिक’ बोलते. भिडू गप्प असतां पश्चिमेनें ११ गुणांवर चार बदामांपर्यंत कसें जावें? तीही ‘पास’ म्हणते. उत्तरेस सातच हात मिळून १०० गुणांचा दंड पडतो. डबल झाला असता तरी ३००, म्हणजे ४२० हून कमीच.

परंतु उत्तर-दक्षिण व्हल्नरेबल असते तर डबल झाल्यावर तोच दंड ५०० होऊन सौदा आंतबट्ट्याचा ठरला असता. तसेंच, इस्पिक सत्ती-अठ्ठीनें सुरू होणारीं सहा हलकीं पानें घेऊन ही बोली करूं नये. हात हुकुमांतच तुटतात.

आणखी एक मोल द्यावें लागतें. प्रतिपक्ष तरीही चार बदाम बोललाच, तर उत्तरेचीं सहा इस्पिकें त्यास ठाऊक झालेलीं असतात. तिच्याजवळ इतर रंगांचीं सातच पानें उरतात. म्हणून न दिसणारी बदाम राणी तो दक्षिणेकडे शोधतो. या डावांत ती तेथेंच होती.

यास्तव ही बोली भिडूनें अद्याप ‘पास’ म्हटलें नसतां आम्ही जपून करतों. कारण जागा त्याचीही जाते.