‘बाबा गेले’ असं फोनवर ऐकल्यावर

“बाबा गेले. त्यांचं खातं होतं तुमच्याकडे.” बँकेच्या कॉल सेंटरवर हे ऐकल्यावर “खातेदारालाच फोन द्या” हे ठरीव वाक्य तोंडून निघालं, तर पलीकडची मुलगी कोलमडते. आधी एवढंच म्हणावं: “ऐकून फार वाईट वाटलं, ताई. आता बोलू शकाल ना?” मग क्षणभर थांबावं. ती रडली, तर मध्ये बोलू नये. पुढेही ‘मयत खातेदार’ न म्हणता ‘तुमचे बाबा’ म्हणावं.

त्यानंतर मात्र गोलमोल बोलू नये. शिल्लक फोनवर सांगता येत नसेल, तर कारणासह सांगावं. वारसनोंद असेल, तर नॉमिनीने मृत्यूचा दाखला, स्वतःचं ओळखपत्र आणि दाव्याचा अर्ज शाखेत द्यायचा. सगळी कागदपत्रं पोचल्यावर 15 दिवसांत दावा निकाली काढावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. बाबांचं एटीएम कार्ड कुणी वापरू नये, हेही हळुवारपणे, पण नक्की सांगावं; क्रियाकर्माच्या खर्चासाठी अनेक घरांत ते सहज वापरलं जातं.

दुःखात ऐकलेलं लक्षात राहत नाही. म्हणून यादी एसएमएसने पाठवावी आणि शेवटचं ‘आपला दिवस शुभ असो’ गाळावं.