ड्रमसेटला तीन मायक्रोफोन आणि एक सुतळी

लेड झेपलिनचा पहिला अल्बम १९६८ मध्ये ध्वनिमुद्रित करणारे ग्लिन जॉन्स यांची मोजक्या मायक्रोफोनची पद्धत घरगुती खोलीतही उपयोगी पडते. एक मायक्रोफोन स्नेअर ड्रमच्या वर सुमारे साडेतीन फुटांवर, दुसरा फ्लोअर टॉमपलीकडून स्नेअरकडे रोखलेला, तर तिसरा बेस ड्रमसमोर ठेवावा. पहिले दोन स्नेअरच्या मध्यापासून समान अंतरावर हवेत. त्यासाठी साधी सुतळी पुरते. अंतर चुकल्यास दोन्ही ध्वनी एकत्र करताच स्नेअर पोकळ वाटू लागतो. बेस ड्रमचा ध्वनी मिसळल्यावर तो भरीव होण्याऐवजी बारीक झाला, तर त्या मायक्रोफोनची ध्रुवता उलटून पाहावी. छत बुटके असल्यास वर जाड गोधडी टांगावी. तिने झांजांचा परावर्तित कर्कशपणा कमी होतो. खोलीचा खर्जातील घुमारा मात्र कायम राहतो.