कोणी केलं ते नको, काय बदललं ते सांगा

सॉफ्टवेअर कंपनीत दर तिमाहीला एक सादरीकरण तयार होतं. त्याला 'रोडमॅप डेक' म्हणतात. पुढच्या काही महिन्यांत काय बनवायचं, कोणती टीम ते बनवणार आणि कधीपर्यंत, हे त्यात स्लाइडवार मांडलेलं असतं. हा डेक साहेबांसाठी आणि गुंतवणूकदारांसाठी असतो. तिमाही संपली की तोच उघडून कुणीतरी ग्राहकांना पाठवायच्या 'रिलीज नोट्स', म्हणजे नव्या आवृत्तीत काय बदललं याचं टिपण, लिहायला बसतो. स्लाइडवरची वाक्यं थोडी सोपी केली की टिपण झालं असं त्याला वाटतं, आणि बहुतेक टिपणं तिथेच फसतात.

मेल्विन कॉनवे या संगणकतज्ज्ञाने 1968 साली एक निरीक्षण मांडलं होतं. एखादी संस्था जी प्रणाली रचते, तिची घडण त्या संस्थेतल्या माणसांच्या आपसातल्या संवादासारखीच होते. टिपणांनाही हे लागू पडतं. 'प्लॅटफॉर्म', 'मोबाइल', 'रिपोर्ट्स' अशी शीर्षकं दिसली की आपण कंपनीतल्या बसण्याच्या जागांचा नकाशा वाचतोय, असं खुशाल समजावं.

औषध दुकानांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवणारी एक कंपनी समजा. तिच्या डेकमध्ये प्लॅटफॉर्म टीमखाली 'बॅच इंजिनची पुनर्रचना' आणि 'कर-मास्टर बदल' आहेत. मोबाइल टीमखाली 'पुश नोटिफिकेशन, टप्पा 1'. रिपोर्ट्स टीमखाली 'एक्स्पायरी रिपोर्ट' आणि 'एच-1 रजिस्टर एक्स्पोर्ट'. इंटिग्रेशन टीमखाली 'वितरकांची बिलं थेट आयात'.

पहिलं काम लिहिण्याचं नाही, तपासण्याचं आहे. डेक हा इरादा असतो, त्यातलं सगळं घडलेलं नसतं. म्हणून प्रत्येक बाबीची एक ओळ करून तीन प्रश्न विचारायचे: हे ग्राहकाच्या संगणकावर खरंच पोचलं आहे का, कोणाकोणाला मिळालं आहे, आणि त्यासाठी ग्राहकाला काही करावं लागेल का? उत्तर स्लाइडवर शोधायचं नाही. चालू आवृत्ती स्वतः उघडून, साध्या ग्राहकाच्या खात्यातून बघायचं. आपल्या उदाहरणात वितरकांची बिलं आयात करण्याची सोय तयार आहे, पण सध्या थोड्याच दुकानांसाठी सुरू केली आहे. नवी सोय अशी टप्प्याटप्प्याने खुली करणं ही नेहमीची पद्धत आहे. तरी ती टिपणात सर्वांसाठी म्हणून छापली, की दुसऱ्या दिवशी सपोर्टचा फोन खणखणतो: 'ते बटण आमच्याकडे का नाही?' ही ओळ या वेळी वगळायची. 'लवकरच येत आहे' असंही लिहू नये. डेकमधली तारीख पुढे सरकली तर आतल्या लोकांची नाराजी ओढवते, टिपणातली तारीख सरकली तर ग्राहकाला दिलेला शब्द मोडतो.

दुसरं काम फायद्यानुसार गट करण्याचं, आणि खरी डोकेफोड इथेच आहे. दुकानदाराची एक जुनी अडचण घ्या. मुदत संपत आलेला माल वेळेत वितरकाकडे परत गेला नाही, तर नुकसान दुकानाच्या माथी येतं. आता डेककडे बघा. बॅच इंजिनच्या पुनर्रचनेमुळे एकाच औषधाच्या वेगवेगळ्या बॅचचा साठा वेगळा मोजता येऊ लागला. एक्स्पायरी रिपोर्टमुळे पुढच्या 90 दिवसांत मुदत संपणाऱ्या मालाची वितरकवार यादी निघते. पुश नोटिफिकेशनमुळे ती यादी तयार झाल्याचं मोबाइलवर कळतं. तीन टीमच्या तीन स्लाइड आहेत, पण दुकानदारासाठी गोष्ट एकच. टिपणात ती अशी येईल:

'मुदत संपण्याआधी माल परत पाठवा. पुढच्या 90 दिवसांत कोणत्या बॅचची मुदत संपते याची वितरकवार यादी आता रिपोर्टमध्ये मिळेल, आणि दर सोमवारी मोबाइलवर सूचना येईल.'

बॅच इंजिनचा उल्लेखही उरला नाही. ज्यांनी त्यासाठी रात्री जागवल्या त्यांना हे बोचतं, आणि आमचंही नाव येऊ द्या असा आग्रह होतो. कौतुक कंपनीच्या बैठकीत भरपूर करावं. टिपण त्याची जागा नाही.

कधी याच्या उलट होतं आणि एक स्लाइड फोडावी लागते. 22 सप्टेंबर 2025 पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. डेकमध्ये ती 'कर-मास्टर बदल' अशी एक ओळ असेल. काउंटरवरच्या माणसासाठी तिचा अर्थ एवढाच, की त्या दिवसापासून नव्या बिलात नवा दर आपोआप लागेल. हिशेब लिहिणाऱ्यासाठी वेगळी गोष्ट महत्त्वाची: त्याआधी विकलेलं औषध परत आलं, तर क्रेडिट नोटवर मूळ बिलातलाच दर राहील. शिवाय ज्यांनी काही औषधं हाताने नोंदवली आहेत, त्यांनी त्यांचे दर स्वतः तपासायला हवेत. हा शेवटचा भाग फायदा नाहीच, ते काम आहे. त्याला 'आता तुम्हाला हे करावं लागेल' असं सरळ शीर्षक देऊन सगळ्यात वर ठेवायचं.

फायद्यानुसार मांडण्याची मर्यादाही इथेच दिसते. कंपनी एखादी जुनी सोय बंद करते, तेव्हा तिलाही गोड शीर्षकाखाली दडपण्याचा मोह होतो. 'अधिक सुटसुटीत रिपोर्ट' असं वाचून जुना रिपोर्ट गायब झाल्याचं ज्याला महिनाअखेरीस कळतं, तो पुढच्या टिपणावर विश्वास ठेवत नाही. जे बंद झालं ते 'बंद झालेलं' या नावाखालीच यावं.

शीर्षकं पोकळ होण्याचा धोका तर कायमच असतो. 'उत्तम अनुभव' किंवा 'वाढीव कार्यक्षमता' याखाली काहीही खपतं. शीर्षक तसंच ठेवून त्याखाली हॉटेलच्या बिलिंग सॉफ्टवेअरची एखादी सोय लिहून पाहावी. ती तिथे शोभली, तर शीर्षकाने औषध दुकानाबद्दल काहीच सांगितलेलं नाही. 'तपासणीच्या वेळी कागद तयार' हे शीर्षक टिकतं. शेड्यूल एच-1 मधल्या औषधांच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते. तीत डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि प्रमाण असतं, आणि ती तीन वर्षं जपावी लागते. ती नोंद हव्या त्या तारखांपुरती छापता येते, एवढं एक वाक्य त्याखाली पुरतं. ते बटण कोणत्या मेनूत आहे हे मात्र सोबत लिहावंच.

क्रम ठरवताना टीमचा मान किंवा कामाचे तास बघायचे नाहीत. बदल किती दुकानांना भिडतो आणि किती वेळा, हे बघायचं. गुगलच्या प्ले स्टोअरवर 'नवीन काय' या रकान्यात 500 अक्षरंच मावतात, त्यामुळे तिथे वरच्या दोन गोष्टीच जातात. या बंधनाबद्दल पुष्कळजण कुरकुरतात, मला ते उपकारक वाटतं.

टिपण जमलं की नाही हे सपोर्टला येणाऱ्या फोनवरून कळतं. आवृत्ती आल्यानंतरच्या आठवड्यात 'हे कसं वापरायचं?' असे प्रश्न आले तर हरकत नाही, लोकांनी वाचलं आहे. टिपणात असलेलीच सोय 'कधी देणार?' असं कोणी विचारलं, तर तो गट चुकीच्या नावाखाली गेला आहे. म्हणून टिपण बाहेर जाण्याआधी ते प्रॉडक्ट मॅनेजरच्या साहेबांनी नाही वाचलं तरी चालेल, पण सपोर्टचे फोन घेणाऱ्या माणसाने वाचलंच पाहिजे, आणि त्याला न कळलेली ओळ छापू नये.