एक वजा करा आणि पाहा

इंजिनिअरिंगच्या मुलांचा प्लेसमेंटचा हंगाम जवळ आला की कोडिंग टेस्टच्या सरावात दोन प्रश्न हमखास भेटतात. दिलेल्या संख्येत सेट बिट किती आहेत? आणि दिलेली संख्या दोनाचा घात आहे का? बरीच मुलं ही दोन उत्तरं वेगवेगळी पाठ करतात. खरं तर दोन्हींच्या मुळाशी एकच क्रिया आहे, आणि ती एकदा नीट समजली की पाठ करण्यासारखं काही उरत नाही.

संगणक संख्या लिहितो ती फक्त ० आणि १ वापरून. ५२ म्हणजे ३२ अधिक १६ अधिक ४, म्हणून बायनरीत ती 110100 अशी दिसते. यातला प्रत्येक १ म्हणजे सेट बिट. इथे ते तीन आहेत. मोजण्याचा सरळ मार्ग म्हणजे उजवीकडचा अंक पाहायचा, संख्या एक घर उजवीकडे सरकवायची आणि शून्य होईपर्यंत हेच करत राहायचं. उत्तर बरोबर येतं, पण वाटेतल्या शून्यांवरही थांबावं लागतं.

आता शाळेतली वजाबाकी आठवा. ५२०० मधून १ वजा केला की ५१९९ उरतात. शेवटच्या शून्यांचे नऊ होतात, त्यांच्या लगतचा २ एकाने कमी होतो आणि त्याच्या डावीकडचा ५ जागचा हलत नाही. बायनरीतही हेच घडतं. तिथे सर्वांत मोठा अंक १ असल्याने शेवटच्या शून्यांचे एक होतात आणि त्यांच्या लगतच्या १ चा शून्य होतो. म्हणजे मूळ संख्या आणि एकाने कमी केलेली संख्या यांत सर्वांत उजवीकडच्या सेट बिटपासून पुढचं सगळं उलटं असतं. & ही क्रिया दोन्हीकडे १ असेल तिथेच १ ठेवते. त्यामुळे या दोन संख्यांवर ती केली की उलटलेला भाग पुसला जातो, आणि मूळ संख्येतला नेमका एक सेट बिट कमी होतो.

```
52 & 51 :  110100 & 110011 = 110000  (48)
48 & 47 :  110000 & 101111 = 100000  (32)
32 & 31 :  100000 & 011111 = 000000  (0)
```

तीन फेऱ्यांत शून्य, म्हणून सेट बिट तीन. ३२ बिटांच्या संख्येत दोनच बिट सेट असतील, तर काम दोन फेऱ्यांत संपतं. ही पद्धत ब्रायन कर्निगन यांच्या नावाने ओळखली जाते, कारण कर्निगन आणि डेनिस रिची यांच्या सी भाषेवरच्या पुस्तकाच्या १९८८ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती स्वाध्याय म्हणून आली. पीटर वेग्नर यांनी मात्र ती १९६० मध्येच छापली होती, आणि हे श्रेय त्यांना मिळायला हवं असं मला वाटतं.

दुसरा प्रश्न यातूनच सुटतो. दोनाच्या घातात एकच सेट बिट असतो, म्हणून पहिल्याच फेरीत शून्य यायला हवं. वरची शेवटची ओळ पाहा, ३२ तिथे पहिल्याच झटक्यात संपतो.

```
return n > 0 && (n & (n - 1)) == 0;
```

या ओळीतली एकही गोष्ट शोभेची नाही. `n > 0` गाळलं, तर शून्यही दोनाचा घात ठरतो, कारण शून्याशी & केल्यावर उरतं ते शून्यच. नमुन्याच्या टेस्ट केस पार होतात आणि लपवलेल्या केसमध्ये उत्तर चुकतं, त्याचं कारण पुष्कळदा हेच असतं. कंसांचंही तसंच. सी भाषेत == ही क्रिया & च्या आधी होते. बाहेरचा कंस सोडला तर `n - 1` ची शून्याशी तुलना आधी होते, आणि ८, १६, ३२ या सगळ्यांना 'नाही' असं उत्तर मिळतं. 'हो' मिळतं ते फक्त १ ला. जावामध्ये तोच कोड कंपाइलच होत नाही, तर पायथनमध्ये तो कंसाविनाही बरोबर चालतो. म्हणून एका भाषेतली ओळ दुसरीत उचलताना इथे थांबून पाहावं.

ऋण संख्यांचं दुखणं वेगळं. जावामध्ये -१ ला `>>` ने उजवीकडे सरकवलं की डावीकडून पुन्हा १ च भरला जातो, त्यामुळे संख्या शून्य होतच नाही आणि लूप थांबत नाही. तिथे `>>>` वापरावं लागतं, किंवा मग वजाबाकीची पद्धत, जी ३२ फेऱ्यांत संपते. पायथनमध्ये पूर्णांकाला बिटांची ठरावीक मर्यादा नाही. तिथे ऋण संख्येवर हीच वजाबाकी -१, -२, -४, -८ अशी अखंड वाढत जाते, म्हणून आधी `n & 0xFFFFFFFF` करून संख्या ३२ बिटांत बसवावी लागते.

मुलाखतीत यापुढचा प्रश्न बहुधा असा येतो: शून्यापासून n पर्यंतच्या प्रत्येक संख्येतले सेट बिट सांगा. प्रत्येक वेळी नव्याने मोजायची गरज नाही. `i & (i - 1)` ही संख्या i पेक्षा लहान असते आणि तिच्यात एक सेट बिट कमी असतो, म्हणून तिचं उत्तर आपल्याकडे आधीच तयार असतं.

```
count[i] = count[i & (i - 1)] + 1
```

५२ ची पाळी येते तेव्हा ४८ च्या घरात २ लिहिलेले असतात; त्यात १ मिळवला की झालं.